पाचवा दावेदार

न्यूयॉर्क टाइम्सच्या 'कनेक्शन्स' या खेळाचं पहिलं कोडं १२ जून २०२३ रोजी आलं. सोळा शब्द, चार गट, प्रत्येक गटात चार शब्द. त्या पहिल्या कोड्यात पावसापाण्याचा एक गट होता: हेल, रेन, स्लीट आणि स्नो. पण चौकटीत 'हीट' हाही शब्द होता, आणि हवामानाच्या यादीत तो सहज खपून गेला असता. तो तिथला नव्हता. बक्स, जॅझ आणि नेट्स यांच्याबरोबर तो अमेरिकी बास्केटबॉल संघांच्या गटात होता. हवामानाला पाच दावेदार आणि बास्केटबॉलला नेमके चार. हे ज्याच्या लक्षात आलं त्याने आधी बास्केटबॉल दिलं असेल, मग पाऊस आपोआप चारवर आला. बास्केटबॉलचं काही ठाऊक नसलेल्याने बहुधा पावसापासून सुरुवात केली आणि 'हीट' आत घ्यायचा की नाही यावर नशीब अजमावलं.

कोडं अवघड आहे की सोपं, हे ठरण्याआधी कोणता गट पहिल्यांदा द्यायचा याचा निर्णय झालेला असतो, आणि तो बहुतेक जण न ठरवताच घेतात. जो गट आधी दिसला तो आधी दिला जातो. पण आधी दिसणारा गट खात्रीचा असतोच असं नाही. कोडं रचणाऱ्याला ठाऊक असतं की तुम्हाला आधी काय दिसणार आहे, आणि पाचवा शब्द तो तिथेच पेरून ठेवतो. या खेळाच्या संपादक वायना लिऊ यांचं निम्मं कसब या पेरणीत आहे असं मला वाटतं.

नियम थोडक्यात असे. चार शब्द निवडून सबमिट करायचं. बरोबर आले तर तो गट रंगीत पट्टी होऊन वर जातो आणि त्याचं सूत्र उघड होतं. पिवळा रंग सगळ्यात सरळ गटाचा, मग हिरवा, मग निळा, आणि जांभळा सगळ्यात तिरक्या गटाचा. जांभळ्यात बहुधा शब्दांचा खेळ असतो, अर्थाचा नव्हे. चुका चार. चौथी चूक झाली की खेळ संपतो, म्हणजे सावरायला जागा फक्त तीन चुकांपर्यंत. निवडलेल्या चारांपैकी तीन शब्द एकाच गटातले असतील तर 'वन अवे' अशी सूचना येते: एकाने हुकलात. याहून कमी जुळले तर काहीच सूचना येत नाही, फक्त एक ठिपका विझतो. तेच चार शब्द चुकून पुन्हा दिले तर 'आधीच दिलेत' एवढंच सांगितलं जातं, चूक धरली जात नाही.

बीबीसीवर २००८पासून चालत आलेल्या 'ओन्ली कनेक्ट' या स्पर्धेतही अशीच सोळा शब्दांची भिंत असते. पण तिथे अडीच मिनिटांचं घड्याळ असतं, पहिले दोन गट मिळेपर्यंत कितीही वेळा चुकता येतं आणि तीन जुळले हे कोणी सांगत नाही. त्यामुळे तिथले स्पर्धक पाच दावेदार दिसले की भराभर अदलाबदल करून पाहतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. इथे घड्याळ नाही, पण प्रत्येक अदलाबदलीची किंमत आहे. दोन्ही खेळ दिसायला सारखे असले तरी खेळण्याची रीत जवळजवळ उलटी.

आता सुरुवातीच्या निर्णयाचं वजन किती, ते पाहू. सोळा शब्दांचे चार-चारचे गट पाडण्याच्या एकूण २६,२७,६२५ रीती आहेत. एक गट बरोबर लागला की उरलेल्या बारा शब्दांसाठी ५,७७५ रीती उरतात. दुसरा लागला की फक्त ३५. याउलट पहिल्याच प्रयत्नात 'वन अवे' आलं, तर चारांपैकी कोणता बाहेर आणि उरलेल्या बारांपैकी कोणता आत, अशा ४८ शक्यता समोर उभ्या राहतात, त्याही एकाच गटासाठी. अर्थात कोणी इतकं आंधळेपणाने खेळत नाही. पण प्रमाण ध्यानात येतं: खात्रीचा गट जेवढं मैदान मोकळं करतो, त्याच्या पासंगालाही 'वन अवे' पुरत नाही. म्हणून सूचना मिळवायची या हेतूने पहिला प्रयत्न खर्च करणं मला पटत नाही.

इंग्रजी कोडं मराठीत उकलून दाखवण्यात मजा नाही. म्हणून त्याच धर्तीवर एक मराठी चौकट रचली आहे. पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं तिच्याकडे पाहावं.

कडक · पंकज · मोरारजी · सरस
इराणी · जहाज · राजीव · कटिंग
नयन · इंदिरा · कोरा · अंबुज
सरोज · मसाला · लालबहादूर · जलज

बहुतेकांना आधी चहा दिसेल. कटिंग, मसाला, इराणी, कडक. कोरा चहाही असतोच, म्हणजे पाच झाले. मग कमळं: पंकज, सरोज, अंबुज, जलज. आणि राजीव म्हणजेही कमळच, म्हणजे इथेही पाच. पंतप्रधानांची नावं: इंदिरा, मोरारजी, लालबहादूर, राजीव. बरोबर चार. उरले नयन, सरस, जहाज. यांचा एकमेकांशी अर्थाने काहीही संबंध नाही, आणि असं दिसलं की अर्थ सोडून अक्षरांकडे पाहायचं. हे तिन्ही शब्द उलटीकडून वाचले तरी तेच राहतात. मग तसे आणखी कोणते? कडक. आणि जलज. तिसरी पाच दावेदारांची यादी. (टाइम्सच्या त्या पहिल्या कोड्यातही चौथा गट अशाच शब्दांचा होता: कयाक, लेव्हल, मॉम, रेसकार. त्याचीच ही उसनवारी.)

तर याद्या अशा: चहाला पाच, कमळाला पाच, उलटसुलट सारख्यांना पाच आणि पंतप्रधानांना चार. इथे पहिला गट कोणता द्यायचा हे सूत्र किती सोपं आहे यावरून ठरत नाही, मोजणीवरून ठरतं. राजीव हा शब्द कमळातही बसतो, म्हणून पंतप्रधानांचा गट डळमळीत वाटू शकतो. पण राजीव काढून घेतला तर पंतप्रधान तीनच उरतात आणि सोळा शब्दांत चौथा मिळत नाही. कमळाचं तसं नाही, राजीव गेला तरी तिथे चार शिल्लक आहेत. तेव्हा वादाचा शब्द ज्याला त्याच्यावाचून चालणार नाही त्याच्याकडे जातो. ज्या गटाच्या यादीत नेमके चार आहेत तो गट आधी द्यायचा, त्यातला एखादा शब्द दुसरीकडे बसत असला तरी.

पंतप्रधान वर गेले की कमळाच्या यादीत पंकज, सरोज, अंबुज, जलज एवढेच राहतात. आता कमळ चारवर आलं, ते दिलं. त्याबरोबर जलज गेला, म्हणून उलटसुलट शब्द नयन, सरस, जहाज, कडक असे चार उरले. ते दिले की कडक गेला आणि चहा चारवर आला. एकाने दुसऱ्याला मोकळं केलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळ्यात आधी दिसलेला चहा सगळ्यात शेवटी लागला, आणि एकही चूक झाली नाही.

पिवळ्यापासून सुरुवात करा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण रंग तर गट लागल्यावरच कळतो! सोपा वाटणारा गट पिवळाच असेल असं धरून चालणं म्हणजे पेरलेल्या पाचव्या शब्दाला आमंत्रण. काही जण आधी जांभळा लावून दाखवण्याची पैज लावतात. शेवटी मित्रांना रंगीत चौकोन पाठवायचे असतात, त्यात जांभळा वर दिसला की मान वाढतो. हौस म्हणून ठीक आहे. रंगांचा खरा उपयोग मात्र गट लागल्यानंतर आहे. पिवळा आणि निळा लागून गेले असतील, तर उरलेल्या आठ शब्दांत एक हिरवा आणि एक जांभळा आहे हे कळतं. म्हणजे एक गट सरळ अर्थाचा असायचा संभव मोठा आणि दुसऱ्यासाठी शब्दांचं स्पेलिंग, उच्चार, पुढे-मागे जोडता येणारा शब्द हे तपासायचं.

आता समजा ही मोजणी न करता कोणी थेट चहावर गेलं. कडक, कटिंग, मसाला, इराणी हे दिलं आणि कोरा राहून गेला. 'वन अवे' आलं. एक ठिपका विझला. पुढे काय?

आधी त्या दोन शब्दांत काय सांगितलं आहे ते नीट वाचायला हवं. चारांपैकी तीन एका गटात आहेत, एवढंच ते म्हणतं. कोणते तीन ते म्हणत नाही. तो गट चहाचाच आहे असंही म्हणत नाही, चहा हे सूत्र तुमच्या डोक्यातलं आहे. पण तुमची पाचांची यादी बरोबर आहे असं धरलं, तर या सूचनेतून एक गोष्ट निश्चित होते. बाहेर ठेवलेला पाचवा शब्द आत आहे. कोरा चहाचाच. प्रश्न फक्त एवढा की त्या चारांतून कोण बाहेर जाणार.

शक्यता चार. आंधळेपणाने एकेक काढून पाहायचं म्हटलं तर तीन अदलाबदली करता येतील, आणि त्यातली तिसरी चुकली की खेळ संपला. नेमका इथेच घात होतो. हुकलेला गट ताबडतोब पुरा केलाच पाहिजे असं मनाने घेतलं, की माणूस कटिंग काढून पाहतो, मसाला काढून पाहतो आणि दोन मिनिटांत सगळे ठिपके घालवून बसतो. मात्र असा कोणताही नियम नाही. 'वन अवे'ची माहिती शिळी होत नाही. तो गट तसाच बाजूला ठेवून दुसरीकडे वळता येतं. चहात अडकलेल्या खेळाडूने पंतप्रधान दिले, मग कमळ दिलं, तर उरलेल्या आठांत कडक कुठे जातो ते आपसूक दिसेल. एकच ठिपका गेलेला असेल.

फक्त एक काळजी घ्यावी लागते. चुकलेले चार शब्द खेळाच्या पडद्यावर मांडून ठेवलेले नसतात. शफल केलं की चौकटीतल्या जागाही बदलतात. म्हणून चुकलेला प्रत्येक प्रयत्न कागदावर लिहावा, पुढे 'वन अवे' आलं की नाही तेही. पुढच्या सगळ्या तर्काचा पाया तो कागद आहे.

अदलाबदल करायचीच ठरली, तर कोणता शब्द काढायचा? ज्याच्यावर दुसऱ्या गटाचा हक्क सांगता येतो तो. कटिंगला चहाबाहेर काही काम नाही. मसाल्यासाठी दुसरा गट शोधायचा तर चौकटीत वेलदोडा, दालचिनी असं काहीतरी हवं, ते नाही. इराणीबरोबर पारशी, तुर्की असे कोणी नाहीत. कडक मात्र 'सरस'च्या जवळ जाऊन उभा राहतो. दोन्ही शब्द आपण दाद द्यायला वापरतो, आणि आता दोन्ही उलट वाचून पाहावेसे वाटतात. संशयित तोच.

अदलाबदलीच्या निकालाचे अर्थ मात्र नीट पाहण्यासारखे आहेत. सोयीसाठी ज्याला बाहेर काढलं त्याला गेलेला म्हणू आणि ज्याला आत घेतलं त्याला आलेला. पहिल्या प्रयत्नात 'वन अवे' मिळालेलं आहे. दुसऱ्या प्रयत्नाचे निकाल तीन. गट लागला तर प्रश्नच मिटला: गेलेला चुकीचा होता, आलेला बरोबर. पुन्हा 'वन अवे' आलं तर दोन अर्थ निघतात. एक, गेलेला आणि आलेला दोघेही चुकीचे आणि मधले तीन पक्के. दोन, गेलेला आणि आलेला दोघेही बरोबर आणि मधल्या तिघांतला एक चुकीचा. आणि काहीच सूचना आली नाही, तर अर्थ एकच: गेलेला बरोबर होता, आलेला चुकीचा आहे आणि खोट मधल्या तिघांत आहे.

हे चौकटीवर लावून पाहू. एकाला शब्दांच्या शेवटी 'ज' दिसला आणि त्याने घाईने पंकज, सरोज, अंबुज, जहाज उचलले. 'वन अवे'. मग त्याला कमळ सुचलं. जहाज काढला, राजीव घातला. पुन्हा 'वन अवे'. दोन ठिपके गेले आणि हाती काही नाही असं त्याला वाटेल, पण तसं नाही. दोन अर्थांपैकी दुसरा खरा असेल तर जहाज आणि राजीव एकाच गटात असायला हवेत. या दोघांना आणि पंकज-सरोज-अंबुज यांतल्या दोघांना एकत्र बांधणारं सूत्र काय असेल? काही सुचत नाही. म्हणजे पहिला अर्थ: पंकज, सरोज, अंबुज पक्के, जहाज नाही, राजीव नाही. चौथा शब्द उरलेल्या अकरांत आहे आणि तो कमळाचा आहे. अकरा शब्दांवरून सावकाश नजर फिरवली की जलज सापडतो. शिवाय राजीव कमळ नाही हे कळलं, म्हणजे तो पंतप्रधानांत, ही फुकटची मिळकत.

आता काहीच सूचना न येण्याचं पाहू. चहावाल्याला 'वन अवे' मिळालं होतं: कडक, कटिंग, मसाला, इराणी. त्याला वाटलं इराणी हे माणसांचं नाव आहे, तेच काढावं. कोरा चहा त्याच्या बोलण्यात नाही, त्याच्याकडे काळा चहा म्हणतात. म्हणून त्याने 'सरस' चहाचं विशेषण म्हणून घातला. निकाल: काहीच नाही. हा त्याचा सगळ्यात वाईट प्रयत्न, पण माहिती यातच जास्त आहे. इराणी आतच होता, हे पक्कं. सरस बाहेरचा, हेही पक्कं. आणि चुकीचा शब्द कडक, कटिंग, मसाला या तिघांपैकी. चार संशयितांचे तीन झाले, आणि त्यातला कटिंग तर निर्दोष दिसतोच आहे. निकाल आला नाही म्हणून कपाळाला हात लावणारे पुष्कळ असतात. 'वन अवे' न येणं हीदेखील सूचनाच आहे, फक्त ती लिहून येत नाही.

याच मौनाचा आणखी एक उपयोग यादी तपासायला होतो. एखाद्या सूत्राला पाच दावेदार आहेत आणि ते चार त्या पाचांतच आहेत अशी तुमची खात्री असेल, तर त्यातले कोणतेही चार दिले तरी किमान तीन जुळायलाच हवेत. 'वन अवे' आलं नाही तर शब्दांची निवड चुकली असं समजू नये. यादीच चुकली आहे. ते सूत्रच या चौकटीत नाही, किंवा पाचांतले दोघं उपरे आहेत. अशा वेळी त्याच यादीत अदलाबदल करत राहणं म्हणजे ठिपके वाया घालवणं.

सहा दावेदार असले तर मौनाला आणखी वेगळा अर्थ येतो. सहांतून चार निवडण्याच्या पंधरा रीती. चार दिले, दोन बाहेर ठेवले. गट लागला तर ती एक रीत. 'वन अवे' आलं तर बाहेरच्या दोघांतला एक आत आणि आतल्या चारांतला एक बाहेर, म्हणजे आठ रीती उरल्या. काहीच आलं नाही, तर बाहेर ठेवलेले दोघेही नक्की आत आहेत, आणि दिलेल्या चारांतले नेमके दोनच बरोबर आहेत: सहा रीती. म्हणजे सहांच्या यादीत सूचना मिळण्यापेक्षा न मिळणं फायद्याचं! दोन शब्द एकदम पक्के होतात. अर्थात यादी खरी असेल तर. खेळाडूंच्या हे लक्षात येत नाही, कारण हुकल्याचा संदेश दिसला की जवळ आल्यासारखं वाटतं आणि तो दिसला नाही की लांब गेल्यासारखं.

सूचनेला तुमचं सूत्र ठाऊक नसतं, असं वर म्हटलं. त्याचा अनपेक्षित फायदाही होतो. समजा कोणी चहात कडक धरून ठेवला आहे, उलटसुलट शब्दांचं सूत्र त्याला दिसलेलंच नाही, आणि कुठेच न बसणारे म्हणून त्याच्याकडे नयन, सरस, जहाज, कोरा उरले आहेत. उरलेले चार एका गटाचे असतील या आशेने त्याने ते दिले. 'वन अवे'. सूत्र ठाऊक नसताना तीन शब्द जुळले! आता प्रश्न उलटा विचारायचा. चारांतले कोणते तीन एका जातीचे दिसतात? नयन, सरस, कोरा यांत काही नाही. जहाज, कोरा, नयन यांत काही नाही. नयन, सरस, जहाज मात्र तिन्ही तीन अक्षरी, तिन्हींचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच. सूत्र सापडलं, आणि त्याबरोबर कोरा उपरा ठरला. तो कुठे जाईल? चहात. मग चहातून कोण बाहेर येईल? ज्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच आहे तो कडक. एका प्रयत्नाच्या बदल्यात दोन गट सरळ झाले. सूत्र न कळता उरलेले शब्द देण्याची ही रीत मी एरवी सुचवणार नाही, पण बाकी तीन गट बऱ्यापैकी दिसत असताना तिचा उपयोग होतो.

चारच्या यादीचा एकही गट दिसत नाही, सगळीकडे पाच-पाच किंवा कुठे तीनच, असंही होतं. विशेषतः अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला. तिथल्या खाऊचे ब्रँड, बेसबॉलमधले शब्द, टीव्हीवरच्या जुन्या मालिका यांचा गट असेल तर आपल्याला त्यातले दोन शब्द ओळखीचे आणि दोन नुसते शब्द. अशा वेळी अनोळखी शब्दांना सूत्र शोधत बसण्यापेक्षा ओळखीचे बारा शब्द तीन गटांत बसवणं सोपं. शेवटचा गट न समजताही मिळतो. पण त्यासाठी आधीच्या तिन्ही गटांत पाचवा दावेदार शिल्लक राहता कामा नये, कारण शेवटच्या अनोळखी चारांत तो पाचवाच लपलेला असतो.

पाचांतून चार द्यावेच लागले, तर जिंकण्याच्या आशेबरोबर हुकण्याची सोयही आधी पाहून ठेवावी. ज्याला दुसरीकडे जागा आहे असा संशयित बाहेर ठेवून उरलेले चार द्यावेत. लागले तर उत्तमच. 'वन अवे' आलं तर तुमचा संशय चुकला आणि तो संशयित याच गटाचा, म्हणजे ज्या दुसऱ्या गटात तो जाईल असं वाटत होतं तिथली यादी एकाने कमी झाली. दोन्ही निकालांत दोन याद्या सुधारतात. याउलट संशयिताला आत ठेवून, निर्धास्त वाटणारा एखादा शब्द बाहेर ठेवला, तर हुकल्यावर तो निर्धास्त शब्द आत आहे एवढंच कळतं, जे आधीच ठाऊक होतं. कडक बाहेर ठेवून कोरा, कटिंग, मसाला, इराणी देणं आणि कोरा बाहेर ठेवून कडकसह देणं, या दोन प्रयत्नांची किंमत सारखीच एक ठिपका असली तरी मिळकत सारखी नाही.

शेवटच्या आठ शब्दांशी आल्यावर हिशोब पुन्हा बदलतो. दोनच गट उरले असताना एका गटाचे चार देणं म्हणजे दुसऱ्याचेही चार सांगणंच. एकूण रीती ३५. तुमचा प्रयत्न हुकला आणि 'वन अवे' आलं, तर या बाजूचा एक त्या बाजूला आणि त्या बाजूचा एक या बाजूला: चार गुणिले चार, सोळा रीती. काहीच आलं नाही, तर दोन्हीकडचे दोन-दोन अडकलेले आहेत आणि अठरा रीती उरतात. म्हणून इथे अदलाबदल करताना न दिलेल्या चारांकडेही तेवढंच पाहावं लागतं. आपल्या चौकटीत चहा आणि उलटसुलट शब्द उरले असते आणि कोणी कडक, कटिंग, मसाला, इराणी दिलं असतं, तर मागे नयन, सरस, जहाज, कोरा हे चार राहिले असते. दिलेल्या चारांत खोट कुठे आहे ते कदाचित दिसणार नाही, चारही चहात बसतात. मागच्या चारांत मात्र कोरा लगेच डोळ्यात भरतो. आठांच्या टप्प्यावर 'वन अवे' आलं की मी तरी आधी न दिलेले चार शब्द एका ओळीत लिहून त्यातला उपरा शोधतो. तो मिळाला की दिलेल्या चारांतून त्याच्या जागी कोण जाईल, हे त्या तीन शब्दांनाच विचारता येतं.